कर तर कापला गेला, पण परदेशी शेअर सांगितले का?

नोव्हेंबर संपता संपता अनेक पगारदारांच्या मोबाइलवर प्राप्तिकर विभागाचा संदेश आला. तुमच्या नावे परदेशात मालमत्ता किंवा उत्पन्न असल्याची माहिती आहे, ती २०२५-२६ या करनिर्धारण वर्षाच्या विवरणपत्रात दिसत नाही, तपासून घ्या आणि गरज असेल तर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत सुधारित विवरणपत्र भरा, असा त्याचा आशय. संदेश वाचून बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया एकच असते. ‘माझी कसली परदेशात मालमत्ता? कंपनीने दिलेले थोडे शेअर आहेत, आणि त्यावरचा कर तर कंपनीने पगारातूनच कापला आहे.’

हे म्हणणे खोटे नाही, पण अपुरे आहे. उत्पन्नावर कर भरणे ही एक जबाबदारी आहे आणि परदेशात काय काय आपल्या नावावर आहे ते सांगणे ही दुसरी. पहिली पार पाडली म्हणून दुसरी आपोआप पार पडत नाही. पगारदारांची चूक नेमकी या दोन जबाबदाऱ्यांच्या मधल्या फटीत होते. ती फट बरीचशी फॉर्मच्या रचनेनेच तयार केली आहे, असे माझे मत आहे. पण मत मांडण्याआधी फॉर्म नीट भरायचा कसा, ते पाहू.

माहिती येते कुठून?

परदेशातल्या बँका आणि ब्रोकर त्यांच्याकडे खाते असलेल्या भारतीय रहिवाशांची माहिती आपापल्या सरकारला देतात आणि ती सरकारे भारताला. अमेरिकेबरोबर यासाठी २०१५ मध्ये ‘फॅट्का’चा करार झाला, इतर अनेक देशांशी ‘सीआरएस’ या व्यवस्थेखाली देवाणघेवाण होते. ही माहिती कॅलेंडर वर्षाप्रमाणे, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर अशी येते. हा तपशील लक्षात ठेवा, पुढचा निम्मा गोंधळ त्यातूनच होतो.

विभागाने असेच आवाहन गेल्या वर्षीही केले होते. त्यानंतर २४,६७८ करदात्यांनी विवरणपत्रे सुधारली. त्यांत २९,२०८ कोटी रुपयांची परदेशी मालमत्ता आणि सुमारे १,०९० कोटींचे परदेशी उत्पन्न जाहीर झाले. मालमत्तेच्या मानाने उत्पन्न चार टक्क्यांहूनही कमी. म्हणजे विवरणपत्रातून सुटते ते उत्पन्नापेक्षा मालमत्तेचे परिशिष्टच जास्त.

हे परिशिष्ट पोर्टलवर Schedule FA या नावाने दिसते. ते आयटीआर-२ आणि आयटीआर-३ मध्ये आहे. आयटीआर-१ मध्ये ते नाहीच. त्यामुळे एकही परदेशी शेअर नावावर असेल तर आयटीआर-१ भरणेच चूक ठरते, मग पगार कितीही साधा असो. आयटीआर-२ मध्येही, परदेशात मालमत्ता आहे का, या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर द्यावे लागते. अनेकजण तिथे ‘नाही’ ठेवून पुढे जातात, आणि मग विसरभोळेपणाचे रूपांतर चुकीच्या विधानात होते.

हे सर्व लागू होते ते ‘रहिवासी व सामान्यतः रहिवासी’ असलेल्यांना. आयुष्यभर भारतातच नोकरी केलेले जवळपास सगळे त्यात येतात. बरीच वर्षे परदेशात राहून नुकतेच परतलेले सुरुवातीला ‘सामान्यतः रहिवासी नसलेले’ या गटात असू शकतात. त्यांना हे परिशिष्ट भरावे लागत नाही. म्हणून फॉर्म उघडण्याआधी आपला निवासी दर्जा ठरवावा.

एका अभियंतीचे उदाहरण

समजा, पुण्यात हिंजवडीला एका अमेरिकी कंपनीच्या भारतीय शाखेत एक अभियंती काम करते. तिला पगाराबरोबर आरएसयू, म्हणजे ठरलेल्या तारखांना मिळणारे मूळ कंपनीचे शेअर मिळतात. दर फेब्रुवारीत ६० युनिट ‘वेस्ट’ होतात. त्यांतले २० कंपनी कराच्या वसुलीसाठी स्वतःकडेच ठेवते आणि ४० शेअर अमेरिकेतल्या ब्रोकरकडे तिच्या खात्यात जमा होतात. हिशोब समजावा म्हणून पुढचे भाव आणि डॉलरचे दर मी गोल आकड्यांत मानले आहेत.

पहिला गट १५ फेब्रुवारी २०२३ रोजी आला, तेव्हा शेअरचा भाव १०० डॉलर होता. दुसरा १५ फेब्रुवारी २०२४ रोजी १२० डॉलरने आला. तिसरा आला १८ फेब्रुवारी २०२५ रोजी. मधल्या काळात, १८ नोव्हेंबर २०२४ रोजी, तिने पहिल्या गटातले २० शेअर १५० डॉलरने विकले. कंपनी दर तिमाहीला मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरमध्ये शेअरमागे अर्धा डॉलर लाभांश देते.

आता ती २०२४-२५ या आर्थिक वर्षाचे विवरणपत्र भरायला बसते. समोर फॉर्म १६ आहे. त्यात तिसऱ्या गटाच्या पूर्ण ६० युनिटची किंमत पगाराचा भाग म्हणून धरलेली आहे, कारण तो गट मार्च २०२५ च्या आत आला. साहजिकच तिला वाटते की परिशिष्टातही याच गटाची नोंद करायची. इथेच पहिली चूक होते.

शेड्यूल एफए आर्थिक वर्षाचे नसून कॅलेंडर वर्षाचे आहे. २०२५-२६ या करनिर्धारण वर्षासाठी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात जे जे आपल्याकडे होते, ते लिहायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला तिसरा गट यंदाच्या पगारात आहे, पण यंदाच्या परिशिष्टात येत नाही. तो पुढच्या वर्षी येईल. उलट फेब्रुवारी २०२४ चा दुसरा गट, ज्याचा कर आदल्या वर्षीच्या फॉर्म १६ मध्ये कापला गेला होता, तो मात्र यंदाच्या परिशिष्टात हवा. आणि २०२३ चा पहिला गटही, कारण तो वर्षाच्या सुरुवातीपासून तिच्याकडे होता. परिशिष्टात फक्त नवे शेअर लिहायचे, हा गैरसमज मनातून काढून टाका. एकदा मिळालेले शेअर विकून संपेपर्यंत दरवर्षी लिहायचे असतात.

जे युनिट अजून वेस्ट झालेले नाहीत, ते लिहू नयेत. ब्रोकरच्या ॲपमध्ये ते मोठ्या आकड्याने दिसतात, पण अजून त्यांची मालकी आपली नाही.

ए३ तक्ता कसा भरायचा?

परिशिष्टात अनेक तक्ते आहेत. पगारदाराला मिळालेल्या शेअरसाठी ए३ हा तक्ता. प्रत्येक वेस्टिंगची तारीख वेगळी, म्हणून प्रत्येक गटाला वेगळी ओळ. कंपनीचे नाव म्हणून मूळ अमेरिकी कंपनीचे नाव आणि पत्ता द्यायचा. भारतीय शाखेचा नाही आणि ब्रोकरचाही नाही.

पुढे पाच रकमा विचारल्या जातात: सुरुवातीची किंमत, वर्षातली सर्वोच्च किंमत, वर्षअखेरची किंमत, मिळालेला लाभांश आणि विक्रीतून आलेली रक्कम. सगळ्या रुपयांत. रूपांतर स्टेट बँकेच्या ‘टीटी बायिंग’ दराने, आणि तो दर त्या त्या तारखेचा: शेअर मिळाले त्या दिवसाचा, सर्वोच्च किंमत होती त्या दिवसाचा, ३१ डिसेंबरचा. सुट्टी असेल तर आदल्या उपलब्ध दिवसाचा दर घेण्याचा प्रघात आहे. जुने दर नंतर शोधत बसण्यापेक्षा महत्त्वाच्या तारखांचे दरपत्रक त्याच वेळी मोबाइलमध्ये जतन करून ठेवलेले बरे.

आपल्या अभियंतीची पहिली ओळ अशी होईल. ४० शेअर, १०० डॉलर, तेव्हाचा दर ८२ रुपये. सुरुवातीची किंमत ३,२८,००० रुपये. वर्षात शेअरचा भाव जुलैमध्ये १६० डॉलरवर गेला होता आणि दर ८३ होता. तेव्हा तिच्याकडे या गटाचे पूर्ण ४० शेअर होते, म्हणून सर्वोच्च किंमत ५,३१,२०० रुपये. नोव्हेंबरमध्ये २० विकले. १५० डॉलर आणि ८४ रुपयांच्या दराने विक्रीची रक्कम २,५२,००० रुपये. ३१ डिसेंबरला उरलेल्या २० शेअरचा भाव १४५ डॉलर, दर ८५. अखेरची किंमत २,४६,५०० रुपये.

दुसरी ओळ दुसऱ्या गटाची. ४० शेअर, १२० डॉलर, दर ८३. सुरुवातीची किंमत ३,९८,४०० रुपये. सर्वोच्च किंमत जुलैचीच, ५,३१,२०० रुपये. विक्री नाही. अखेरची किंमत ४,९३,००० रुपये.

सर्वोच्च किंमत काढण्यासाठी ब्रोकरचे मासिक विवरण पुरत नाही, कारण त्यात महिनाअखेरचाच भाव असतो. शेअर बाजारातले वर्षभराचे रोजचे बंद भाव पाहावेत. आणि ज्या दिवशी भाव सर्वात वर होता, त्या दिवशी आपल्याकडे किती शेअर होते, ते बघूनच गुणाकार करावा.

या उदाहरणात कंपनी करासाठीचे २० युनिट स्वतःकडेच ठेवते, म्हणून ४० धरले. काही कंपन्या पूर्ण ६० शेअर खात्यात जमा करतात आणि त्याच दिवशी त्यांतले २० विकून कर वसूल करतात. तिथे ते २० शेअर, क्षणभर का होईना, तुमचे होतात. मग परिशिष्टात ६० ची नोंद, २० ची विक्री, आणि भांडवली नफ्याच्या परिशिष्टातही ती विक्री यायला हवी. नफा जवळजवळ शून्य असतो, पण व्यवहार दिसला पाहिजे. आपल्या कंपनीत कोणती पद्धत आहे, ते वेस्टिंगच्या पावतीवर लिहिलेले असते.

ब्रोकरकडच्या खात्यात लाभांशाची किंवा विक्रीची रोख पडून असेल, तर त्या खात्याची नोंद ए२ या तक्त्यात करतात. शेअर ए३ मध्ये लिहिल्यावर खाते ए२ मध्ये पुन्हा दाखवावे की नाही, याबाबत सनदी लेखापालांत दोन मते आहेत. माझा कल दाखवण्याकडे आहे. दोनदा दिलेल्या माहितीचा खुलासा एका वाक्यात होतो, न दिलेल्या माहितीचा होत नाही.

लाभांशाचे दोन वेगळे आकडे

आता लाभांश. कॅलेंडर वर्ष २०२४ मध्ये अभियंतीला मार्च, जून आणि सप्टेंबरमध्ये ८० शेअरवर प्रत्येकी ४० डॉलर आणि डिसेंबरमध्ये उरलेल्या ६० शेअरवर ३० डॉलर मिळाले. एकूण १५० डॉलर. शेड्यूल एफएमध्ये हा आकडा दोन ओळींत विभागून येईल: पहिल्या गटाचे ७०, दुसऱ्याचे ८०.

पण कर आर्थिक वर्षाच्या उत्पन्नावर लागतो. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ मध्ये जूनचे ४०, सप्टेंबरचे ४०, डिसेंबरचे ३० आणि मार्च २०२५ चे ५० डॉलर आले, कारण तोवर तिसऱ्या गटाचे ४० शेअर येऊन एकूण १०० झाले होते. बेरीज १६० डॉलर. हा आकडा ‘इतर उत्पन्न’ आणि परदेशी उत्पन्नाच्या एफएसआय परिशिष्टात जाईल. एकाच विवरणपत्रात एकाच शेअरचा लाभांश एका ठिकाणी १५० आणि दुसऱ्या ठिकाणी १६० डॉलर. ही चूक नाही. दोन्ही आकडे बरोबर आहेत. ते जुळवायचा प्रयत्न केला, तरच चूक होते.

इथे दरही बदलतो. उत्पन्नासाठी प्राप्तिकर नियम ११५ प्रमाणे, लाभांश ज्या महिन्यात मिळाला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा दर घ्यायचा. सोयीसाठी सगळीकडे ८४ धरू. १६० डॉलरचे १३,४४० रुपये झाले.

अमेरिकेने यातून २५ टक्के, म्हणजे ४० डॉलर, आधीच कापून घेतले आहेत. खात्यात १२० डॉलरच आले, म्हणून तेवढेच उत्पन्न दाखवणे ही दुसरी नेहमीची चूक. उत्पन्न पूर्ण १६० डॉलर दाखवायचे आणि कापलेल्या कराची वजावट मागायची. तिच्या उत्पन्नावर ३० टक्के दर लागतो. उपकर धरून १३,४४० रुपयांवर भारतातला कर सुमारे ४,१९३ रुपये. अमेरिकेत भरलेला कर ३,३६० रुपये. दोन्हींतली कमी रक्कम, म्हणजे ३,३६० रुपये, वजा मिळते; उरलेले ८३३ रुपये भारतात भरायचे.

ही वजावट मिळण्यासाठी पोर्टलवर फॉर्म ६७ वेगळा भरावा लागतो, आणि विवरणपत्रात एफएसआय व टीआर ही दोन परिशिष्टे. मूळ विवरणपत्र मुदतीत भरले असेल तर २०२५-२६ साठी फॉर्म ६७ ची शेवटची तारीख ३१ मार्च २०२६ आहे. तरी तो आधी भरून मग विवरणपत्र सुधारावे, म्हणजे दोन्हींतले आकडे एकच राहतात. पुरावा म्हणून ब्रोकरकडून मिळणारा 1042-S हा अमेरिकी फॉर्म लागतो. तोही कॅलेंडर वर्षाचा असतो. त्यामुळे जून ते डिसेंबरचा कर २०२४ च्या फॉर्मवर आणि मार्च २०२५ चा ब्रोकरच्या विवरणात सापडेल.

या फॉर्मचा आणखी एक उपयोग आहे. २०२४ च्या 1042-S वरचा एकूण लाभांश आणि शेड्यूल एफएमधला लाभांश डॉलरमध्ये तंतोतंत जुळला पाहिजे, कारण दोन्ही एकाच कॅलेंडर वर्षाचे आहेत. या उदाहरणात दोन्हीकडे १५० डॉलर. नाही जुळला, तर कुठला तरी गट लिहायचा राहिला आहे असे समजावे. त्याचप्रमाणे वर्षअखेरची शेअर-संख्या ३१ डिसेंबरच्या ब्रोकर विवरणाशी ताडून पाहावी. आपल्या उदाहरणात २० अधिक ४०, म्हणजे ६०.

अमेरिकेने २५ ऐवजी ३० टक्के कापले असतील, तर ब्रोकरकडचा W-8BEN फॉर्म संपलेला असण्याची शक्यता आहे. तो सही केल्यानंतरच्या तिसऱ्या कॅलेंडर वर्षाच्या अखेरीपर्यंतच चालतो. जास्तीच्या पाच टक्क्यांची वजावट भारतात मिळत नाही, कारण करारात २५ टक्केच ठरलेले आहेत.

विक्रीवरचा कर: चोवीस महिने मोजा

अभियंतीने विकलेले २० शेअर २१ महिने तिच्याकडे होते. भारतीय शेअर बाजाराच्या सवयीने ती म्हणेल, वर्ष उलटले, नफा दीर्घकालीन झाला. पण तसे नाही. अमेरिकेच्या बाजारात नोंदणी असली तरी भारतीय कायद्याच्या दृष्टीने हे शेअर भारतात नोंदणीकृत नाहीत. त्यांचा नफा दीर्घकालीन ठरायला २४ महिन्यांहून अधिक काळ लागतो. भारतीय शेअरवर मिळणारी सव्वा लाखाची सूटही इथे नाही.

हिशोब असा. खरेदी किंमत म्हणजे वेस्टिंगच्या वेळी पगारात धरलेली किंमत, शेअरमागे ८,२०० रुपये. ही शून्य धरणारेही पाहिले आहेत. शेअर फुकट मिळाले, मग खरेदी किंमत कसली, असे त्यांना वाटते. पण त्या रकमेवर पगार म्हणून कर भरलेला आहे. शून्य धरली तर त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर भरला जातो. विक्री नोव्हेंबरमध्ये, म्हणून दर ३१ ऑक्टोबरचा. तो ८४ धरला, तर १५० डॉलरचे १२,६०० रुपये. शेअरमागे नफा ४,४०० रुपये, २० शेअरवर ८८,००० रुपये.

हा अल्पकालीन नफा असल्यामुळे नेहमीच्या दराने, उपकर धरून ३१.२ टक्क्यांनी, २७,४५६ रुपये कर. हाच नफा २४ महिने उलटल्यावर झाला असता तर १२.५ टक्के आणि उपकर, म्हणजे ११,४४० रुपये. तीन महिन्यांच्या घाईची किंमत १६,०१६ रुपये. अर्थात, शेअरचा भाव तोवर तसाच राहिला असता असे गृहीत धरून. अमेरिका या नफ्यावर भारतीय रहिवाशाचा कर सहसा कापत नाही, आणि भारतात कंपनीही कापत नाही. हा कर स्वतःच भरायचा असतो.

वीस लाखांची भिंत

आता प्रश्न दंडाचा. २०१५ च्या काळा पैसा कायद्याच्या कलम ४३ खाली परदेशी मालमत्तेची माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली, तर १० लाख रुपये दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून या तरतुदीत दिलासा मिळाला: स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्तेची एकूण किंमत २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागू होत नाही. मात्र माहिती देण्याची सक्ती कायम आहे. २० लाखांखाली माहिती देऊच नका, असे कायदा कुठेही म्हणत नाही.

आपल्या अभियंतीचे शेअर आज या मर्यादेच्या आत आहेत. पण १४५ डॉलर आणि ८५ रुपयांच्या हिशोबाने १६२ शेअरपर्यंतच ती आत राहील. दरवर्षी ४० शेअर न विकता साठवले, तर पाचव्या वर्षी ती भिंत ओलांडते. भाव किंवा डॉलर वाढला तर त्याआधीच. दहा-बारा वर्षे एकाच कंपनीत असलेल्या मध्यम हुद्द्यावरच्या माणसाला हे सहज लागू पडते.

माझा आक्षेप इथे आहे. १६२ शेअर असताना दंड शून्य, आणि १६३ झाले की १० लाखांची टांगती तलवार. कर एक रुपयाही बुडालेला नसला तरी. ज्याने खरोखर परदेशात पैसा लपवला, त्याच्यासाठी त्याच कायद्यात ३० टक्के कर आणि त्याच्या तिप्पट दंड अशी वेगळी तरतूद आहे. मग ज्याच्या प्रत्येक शेअरचा कर भारतीय कंपनीने पगारातून कापून सरकारजमा केला, ज्याची नोंद फॉर्म १६ मध्ये आहे, त्याच्या विसरलेल्या तक्त्याला एवढी मोठी ठोक रक्कम कशासाठी? दंड करावा की नाही, हे अधिकाऱ्याच्या निर्णयावर आहे. अशी प्रकरणे न्यायाधिकरणापर्यंत गेली. काहींना दिलासा मिळाला, काहींचा दंड कायम राहिला. पगारदाराने एवढ्या अनिश्चिततेवर विसंबून राहावे, हे बरे नाही. दंड बुडालेल्या कराच्या प्रमाणात असावा, आणि कर बुडालेलाच नसेल तर विलंब शुल्काइतका.

दुसरा आक्षेप फॉर्मविषयी. माहिती परदेशातून कॅलेंडर वर्षाची येते, म्हणून परिशिष्टही कॅलेंडर वर्षाचे, हे तर्काला धरून आहे. पण मग जी माहिती विभागाकडे आलेलीच आहे, ती परिशिष्टात आधीच भरून का देत नाहीत? पगार, बँकेचे व्याज, भारतीय लाभांश हे सगळे आज विवरणपत्रात भरलेले मिळते. परदेशी शेअरच्या बाबतीत मात्र करदात्याने आधी स्वतः लिहायचे, आणि विभागाने नंतर संदेश पाठवून विचारायचे. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत आहे. त्याचे नियम आणि फॉर्म नव्याने लिहिले जात असताना हा बदल करायला याहून योग्य वेळ नाही. निदान परिशिष्टाच्या माथ्यावर ‘फॉर्म १६ मधील वर्ष नव्हे, कॅलेंडर वर्ष’ एवढी एक ओळ मराठीसह भारतीय भाषांत छापली, तरी अनेकांची चूक टळेल.

३१ डिसेंबरपूर्वी

पण हे बदल होतील तेव्हा होतील. तुमच्या हातात या महिन्याचे उरलेले दिवस आहेत. चुकून आयटीआर-१ भरला असला, तरी सुधारित विवरणपत्र आयटीआर-२ मध्ये भरता येते. त्यानंतर ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी करायला विसरू नका. ती झाली नाही तर सुधारित विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाते.

‘नंतर अपडेटेड रिटर्न भरू’ असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांना एक इशारा. आयटीआर-यूची ती सोय मुळात राहिलेले उत्पन्न दाखवून जादा कर भरण्यासाठी आहे. ज्याचे उत्पन्न आणि कर बरोबर आहे आणि फक्त परिशिष्ट राहिले आहे, त्याला तिचा आधार घेता येत नाही. म्हणजे सगळा कर प्रामाणिकपणे भरलेल्या पगारदारासाठी ३१ डिसेंबर हीच खरी शेवटची संधी आहे.

म्हणून आज संध्याकाळी ब्रोकरचे ॲप उघडा आणि ३१ डिसेंबर २०२४ चे विवरण उतरवून घ्या. त्यात एक जरी शेअर दिसला, तर मग आपले भरलेले विवरणपत्र उघडा आणि शेड्यूल एफएमध्ये तो आहे का, ते बघा.